हेप सी: पहिल्या गोळीच्या आधी लिव्हर मोजून घ्या, आणि ते कागद फेकू नका

हिपॅटायटिस सी च्या गोळ्या आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, बहुतेकांना तीन महिने घ्याव्या लागतात, आणि शंभरातले साधारण 95 जण त्या व्हायरसपासून कायमचे सुटतात. इतकं सोपं झालंय की त्याच्यातूनच एक नवा घोळ सुरू झालाय. व्हायरस गेला की लोक फाईल माळ्यावर टाकतात. ज्यांचं लिव्हर अजून चांगलं आहे त्यांचं त्यात फारसं बिघडत नाही, पण ज्यांना आधीच सिरोसिस, म्हणजे वर्षानुवर्षं व्रण साठून लिव्हर कडक होणं, झालेला आहे त्यांची फाईल व्हायरस गेला तरी बंद होत नसते. आणि सिरोसिस आहे की नाही हे ठरवायची खरी वेळ गोळ्या सुरू व्हायच्या आधीची, नंतर आकडे सुधारतात आणि तो त्यांच्या मागे लपतो. हे कसं होतं ते एका पेशंटच्या कागदांवरूनच सांगते.

मी इंदूरला लिव्हरच्या ओपीडीबाहेर बसून नवीन पेशंटना गोळ्या आणि तपासण्या समजावून सांगते, डॉक्टर नाही. डोस, बदल सगळं डॉक्टरच ठरवणार, मी फक्त काय कशासाठी करतात आणि कुठे चुकतं ते सांगतेय. खालच्या काकू म्हणजे दोन-तीन पेशंटचे कागद एकत्र करून बनवलेल्या आहेत, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न करू नका.

आधी कळतं कसं

काकू 58 वर्षांच्या, रामबागेत राहतात, त्रास काहीच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून रक्त तपासलं आणि त्यात एचसीव्ही, म्हणजे हेप सी च्या व्हायरसची, अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. आमच्याकडे निम्मे लोक असेच येतात, कुणी मोतीबिंदूचं, कुणी हर्नियाचं, कुणी सुनेच्या बाळंतपणाचं निमित्त. हा आजार वीस-पंचवीस वर्षं गुपचूप चालतो, पोटात दुखत नाही, कावीळ होत नाही, थोडा थकवा असतो आणि तो सगळे वयावर ढकलतात. त्यामुळे त्रास झाला की तपासू, हा हिशोब इथे चालत नाही.

काकूंना विचारलं की पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का, तर म्हणाल्या, "हो गं ताई, पिशवी काढली तेव्हा, दोन बाटल्या. 94 साल असेल." झालं, उत्तर बहुतेक तिथेच आहे. आपल्याकडे ब्लड बँकेत हेप सी ची तपासणी 2001-02 च्या आसपास सक्तीची झाली, त्याच्या आधी ज्यांना रक्त चढलंय त्या सगळ्यांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी. बाकी कुणी करायची, तर डायलिसिसवाले, थॅलेसिमियाची मुलं, एचआयव्ही असलेले, कधीही सुईने नशा केलेले (एकदाच केली असेल तरी), मेळ्यात किंवा फुटपाथवर गोंदवून घेतलेले, आणि गावात एकाच सिरिंजने सगळ्यांना टोचणाऱ्या डॉक्टरकडे लहानपणी गेलेले. शेवटच्या गटात देवास, धार, खंडव्याकडचे अर्धे लोक येतील, मला विचाराल तर चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने एकदा करावीच.

अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच असं नाही

अँटीबॉडी टेस्ट फक्त एवढंच सांगते की हा व्हायरस शरीरात कधीतरी शिरला होता. दहातल्या साधारण तिघांचं शरीर त्याला पहिल्या सहा महिन्यांत स्वतःच हाकलून लावतं, पण अँटीबॉडी तशीच राहते. म्हणून दुसरी तपासणी लागते, एचसीव्ही आरएनए, म्हणजे सगळे व्हायरल लोड म्हणतात ती. ही निगेटिव्ह आली तर तुम्हाला आत्ता इन्फेक्शन नाही, गोळ्यांची गरज नाही. पॉझिटिव्ह आली तरच आजार चालू आहे.

काकूंचा आकडा आला 8,40,000. त्यांचा मुलगा घाबरून म्हणाला की आठ लाख म्हणजे लास्ट स्टेज का? नाही. व्हायरल लोड किती मोठा आहे त्यावरून लिव्हर किती खराब आहे हे अजिबात कळत नाही, पन्नास हजारवाल्याला सिरोसिस असतो आणि पन्नास लाखवाल्याचं लिव्हर मऊ असतं. हा आकडा फक्त "आहे की नाही" एवढ्यासाठी बघायचा. जीनोटाइपची, म्हणजे व्हायरस कुठल्या टाइपचा आहे याची, तपासणीही प्रत्येकाला लागत नाही, आपल्याकडे टाइप 3 सगळ्यात जास्त असतो आणि आताच्या गोळ्या सगळ्या टाइपवर चालतात. कुणी बाहेरून हजारो रुपये भरून करून आणली तर मला वाईटच वाटतं.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. इन्फेक्शन अगदी नवीन असेल तर अँटीबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्तही. गेल्या महिन्यात सुई टोचलेल्या सिस्टरची अँटीबॉडी निगेटिव्ह आली म्हणून तिला सोडून देता येत नाही, तिची आरएनए करावी लागते.

लिव्हर मोजणं, हीच मुख्य पायरी

आता वही-पेन घ्या. यासाठी महागडं मशीन लागत नाही, साध्या सीबीसी आणि लिव्हर फंक्शनच्या रिपोर्टमधले तीन आकडे लागतात: एएसटी (काही लॅब याला एसजीओटी लिहितात), एएलटी (म्हणजे एसजीपीटी) आणि प्लेटलेट. चौथं म्हणजे वय.

काकूंचे आकडे: एएसटी 92, एएलटी 64, प्लेटलेट 98 हजार.

पहिला हिशोब एपीआरआय. एएसटीला लॅबच्या वरच्या नॉर्मल आकड्याने भागायचं, 100 ने गुणायचं, मग प्लेटलेटच्या हजारांनी भागायचं. वरचा नॉर्मल 40 धरला तर 92 भागिले 40 म्हणजे 2.3, गुणिले 100 म्हणजे 230, भागिले 98 म्हणजे साधारण 2.35. हा 2 च्या वर गेला की सिरोसिसचा दाट संशय.

दुसरा फिब-फोर. वय गुणिले एएसटी, आणि खाली प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. 58 गुणिले 92 म्हणजे 5336. 64 चं वर्गमूळ 8, 98 गुणिले 8 म्हणजे 784. भागाकार साधारण 6.8. याची रेघ 3.25 ला, काकू दुपटीच्या पुढे.

इथे नवीन लोक हमखास कुठे अडखळतात, तर प्लेटलेटच्या युनिटमध्ये. इंदूरच्या बऱ्याच लॅब प्लेटलेट लाखात लिहितात, 0.98 लाख, कुणी 98000 लिहितं. हिशोबात घालायचे ते 98. कुणी 0.98 घातलं की फिब-फोर 680 येतो आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

आणि हा हिशोब कधी करायचा नाही तेही सांगते. पावसाळ्यानंतर डेंग्यू चालू असतो, तेव्हा प्लेटलेट पडतात आणि एएसटी चढतो, म्हणजे दोन्ही आकडे नेमके सिरोसिसच्या दिशेने पळतात. तापातून उठलेल्या माणसाचा फिब-फोर काढू नका, महिना-दीड महिना थांबून परत रक्त घ्या. कधीकधी ट्यूबमध्ये प्लेटलेटच्या गाठी होतात आणि मशीन कमी मोजतं, अशा वेळी स्लाइडवर बघायला सांगायचं. आणि पस्तिशीच्या आतल्या किंवा पासष्टीच्या पुढच्या माणसाला फिब-फोर तितकासा लागू पडत नाही, कारण वयच हिशोबाला ओढून नेतं.

काकूंचे दोन्ही हिशोब एकाच बाजूला बोट दाखवत होते, म्हणून सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन झालं. सोनोग्राफीत लिव्हरचा काठ खडबडीत, प्लीहा मोठी, पोटात पाणी नाही. फायब्रोस्कॅनमध्ये कडकपणा 17 किलोपास्कल, हेप सी मध्ये साडेबाराच्या पुढे सिरोसिस धरतात. फायब्रोस्कॅनला जाताना तीन तास काही खायचं नाही, जेवून गेलं की आकडा खोटा वाढतो, आणि पोटात पाणी असेल तर साध्या फायब्रोस्कॅनने मोजमापच नीट होत नाही.

आता सिरोसिस आहे हे ठरलं, तर तो आवरलेला, म्हणजे लिव्हर अजून काम निभावतंय, की सुटलेला हे बघायचं. डॉक्टर याला चाइल्ड स्कोअर म्हणतात, त्यात पाच गोष्टी असतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि डोक्यावरचा परिणाम, म्हणजे गुंगी, दिवसा झोप आणि रात्री जाग होणं, हात थरथरणं वगैरे. काकूंचं बिलिरुबिन 1.1, अल्ब्युमिन 3.6, आयएनआर 1.2, पाणी नाही, डोकं एकदम ठिकाणावर. प्रत्येकाला एकेक गुण, एकूण 5, म्हणजे ए ग्रेड. आवरलेला सिरोसिस.

हे सगळे कागद, तारखेसकट, एका वेगळ्या पिशवीत. का ते पुढे येतंयच.

कुठल्या गोळ्या, किती दिवस

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रम 28 जुलै 2018 ला सुरू झाला, त्याच्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये, इंदूरचे लोक पर्ची काढून विचारतातच, हिपॅटायटिसचं ट्रीटमेंट सेंटर कुठे बसतं ते विचारा. जाताना आधार आणि जुने सगळे रिपोर्ट.

सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज एकदा, 12 आठवडे. आवरलेला सिरोसिस असेल तर सोफोसबुविर 400 आणि वेल्पाटासविर 100 एकाच गोळीत, तेही रोज एक, 12 आठवडे. सुटलेला सिरोसिस, म्हणजे पाणी झालंय, कावीळ आहे, गुंगी येऊन गेलीय, तर हीच गोळी आणि सोबत रिबाविरिन 12 आठवडे, आणि रिबाविरिन सोसत नसेल तर तिच्याशिवाय 24 आठवडे. रिबाविरिनने हिमोग्लोबिन पडतं म्हणून वरचेवर सीबीसी लागतो, आणि ते गर्भाला घातक आहे, बाई घेत असो की नवरा घेत असो, औषध चालू असताना आणि नंतर किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. सुटलेल्या सिरोसिसचे पेशंट मात्र साध्या सेंटरवर थांबवू नका, ते मोठ्या सेंटरचं काम आहे, काहींचं आधी ट्रान्सप्लांट आणि मग गोळ्या असंही ठरतं.

बघितलंत ना, गोळी कुठली हेसुद्धा लिव्हर मोजण्यावरच ठरतं.

गोळीच्या आधी औषधांची पिशवी टेबलावर ओतायची

मी प्रत्येकाला सांगते, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा, नाव सांगू नका, दाखवा. काकूंच्या पिशवीत निघालं: शुगरच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, सकाळची गॅसची गोळी, गुडघ्यासाठी पेनकिलर, आणि एक डबी गुळवेलाच्या गोळ्यांची.

गॅसची गोळी हा सगळ्यात मोठा चोर. वेल्पाटासविर पोटात विरघळायला ॲसिड लागतं, आणि पँटोप्राझोल-ओमेप्राझोलसारख्या गोळ्या नेमकं तेच ॲसिड बंद करतात. माणूस तीन महिने नेमाने औषध घेतो आणि ते अर्धवटच अंगात जातं. अर्ध्या लोकांना गॅसची गोळी खरंतर लागतच नसते, कधीतरी ॲसिडिटी झाली होती तेव्हापासून चालू आहे बस. काकूंची बंद केली. ज्यांना अगदीच लागते त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे, हेप सी ची गोळी जेवणासोबत आधी आणि गॅसची कमी डोसची गोळी चार तासांनी, पण ते डॉक्टरला विचारूनच. साधं अँटासिड पातळ औषधही चार तासांच्या अंतराने.

टीबीची रिफाम्पिसिन, फिट्सची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर या गोळ्या सुरूच करायच्या नाहीत, आधी बदल करावा लागतो. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन चालू असेल तर सोफोसबुविरसोबत ठोके धोकादायकपणे मंद होऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. शुगरची गंमत वेगळीच, व्हायरस उतरायला लागला की कित्येकांची शुगर आपोआप सुधारते आणि मग जुन्याच डोसवर शुगर एकदम खाली जाते, म्हणून पहिला महिना-दोन महिने घरी मोजत राहायची. पेनकिलर बंद, सिरोसिसवाल्यांनी ती घ्यायचीच नाहीत, किडनीला आणि पोटातल्या रक्तस्रावाला दोन्हीला वाईट. दुखलंच तर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. आणि गुळवेल! कोविडच्या काळात घरोघरी काढा उकळत होता आणि त्यातून लिव्हर बिघडलेले पेशंट आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. काकू म्हणाल्या, "अगं पण ते तर आयुर्वेदिक आहे." मी म्हटलं, काकू, तीन महिने तरी राहू द्या, लिव्हर तुमचं आहे. खरं सांगायचं तर सिरोसिसवाल्याने तीन महिन्यांनंतरही घेऊ नये.

आणखी एक तपासणी जी राहून जाते ती हिपॅटायटिस बी ची. दोन्ही व्हायरस एकाच माणसात असले तर सी हा बी ला दाबून ठेवतो, सी ला मारलं की बी उसळतो, आणि त्यात लिव्हर फेल झाल्याच्या केसेस आहेत. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली तर बी ची गोळी सोबत सुरू करतात. काकूंची निगेटिव्ह आली, तेव्हा त्यांना उलट बी ची लस दिली.

ते 84 दिवस

तीन बाटल्या, प्रत्येकीत 28 गोळ्या. काकूंनी 4 मार्चला पहिली घेतली, 26 मेला शेवटची. वेळ कुठलीही चालते पण रोज तीच. विसरलात आणि 18 तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, त्याच्या पुढे गेलं तर ती सोडा आणि पुढची वेळेवर घ्या, दोन एकदम नाही. घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर एक परत घ्यायची. उपवासाला गोळी चालते, रिकाम्या पोटीही चालते, पण सिरोसिस असलेल्या माणसाने निर्जळी वगैरे करूच नये, त्यांच्या शरीरात साठा कमी असतो, रात्री झोपताना सुद्धा काहीतरी खाऊन झोपावं.

इंदूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. बाटली 30 डिग्रीच्या खाली ठेवायची असते, म्हणजे स्कूटरच्या डिकीत नाही, खिडकीत नाही, आतल्या खोलीच्या कपाटात. थोडं डोकं दुखतं, थकवा येतो, बहुतेकांना तेवढंच. महिन्याने भेट, बाटली संपायच्या आधी.

घरच्यांचं थोडक्यात. काकूंच्या घरी त्यांचं ताट-वाटी वेगळी काढली होती. तसं काही करायचं नसतं, जेवणातून, शिंकण्यातून, मिठी मारण्यातून हा पसरत नाही, रक्तातून पसरतो. ब्रश, ब्लेड, नेलकटर वेगळं, बस. नवऱ्याची आणि मुलांची एकदा अँटीबॉडी करून घ्या, आईकडून बाळाला जायची शक्यता साधारण शंभरात पाच-सहा असते.

आणि उसाचा रस. लिव्हर म्हटलं की शेजारपाजारचे उसाचा रस पाजायला धावतात, शुगरच्या पेशंटला सुद्धा. आणि डाळ-दूध-अंडं बंद करतात. नेमकं उलटं हवंय, सिरोसिसमध्ये स्नायू झिजतात, प्रोटीन लागतंच.

बरं झालं हे कधी म्हणायचं

26 मेला गोळ्या संपल्या आणि मुलाने दुसऱ्या आठवड्यात बाहेरून व्हायरल लोड करून आणला, निगेटिव्ह, पेढे वाटले. मी म्हटलं पेढे छान आहेत पण हा रिपोर्ट मोजत नाहीत. गोळी चालू असताना आणि संपल्यावर लगेच जवळजवळ सगळ्यांचाच निगेटिव्ह येतो. उरलेला व्हायरस परत डोकं वर काढतो तो बहुतेक वेळा पुढच्या 12 आठवड्यांत, म्हणून शेवटच्या गोळीनंतर 12 आठवडे पूर्ण झाल्यावरच आरएनए करायची. काकूंची तारीख आली 18 ऑगस्ट. याला एसव्हीआर 12 म्हणतात. थोडं उशिरा केलं तर हरकत नाही, लवकर नको.

रिपोर्टमध्ये शब्द नीट वाचा. "टार्गेट नॉट डिटेक्टेड" म्हणजे गेला. पण कधीकधी लिहून येतं की डिटेक्टेड, पण मोजता येण्याच्या रेषेखाली, तर तो निगेटिव्ह नाही आणि फेलही नाही, परत करायचा. आणि खरंच पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका, दुसरं कॉम्बिनेशन असतं, मोठ्या सेंटरला पाठवतात, फक्त त्याच गोळ्या मनाने परत सुरू करू नका.

अँटीबॉडी आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. पुढच्या वर्षी काकू दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या की तिथली टेस्ट परत पॉझिटिव्हच येणार, आणि तिथला माणूस परत घाबरवणार. तेव्हा एसव्हीआरचा कागद दाखवायचा. अँटीबॉडी परत परत करून बघण्यात अर्थ नाही, आणि ती संरक्षणही देत नाही, सुईतून इन्फेक्शन परत होऊ शकतं. रक्तदान मात्र आता कायमचं बंद.

आता ते जपलेले कागद काढा

पुढच्या मार्चला काकूंचं रक्त परत केलं. एएसटी 34, एएलटी 28, प्लेटलेट 1 लाख 18 हजार, वय 59. फिब-फोर काढा: 59 गुणिले 34 म्हणजे 2006, खाली 118 गुणिले 5.3 म्हणजे साधारण 625, उत्तर 3.2. रेघ 3.25 ची होती, म्हणजे काकू रेघेच्या खाली आल्या! एपीआरआय 0.7. फायब्रोस्कॅन 11, तोही साडेबाराच्या खाली.

नवीन डॉक्टरकडे फक्त हे तीन कागद गेले तर तो काय म्हणेल? लिव्हर ठीक आहे, व्हायरस गेलाय, या तुम्ही. आणि इथेच गडबड. व्हायरस गेल्यावर लिव्हरची सूज उतरते, एएसटी-एएलटी खाली येतात, कडकपणातला सुजेचा वाटा निघून जातो, त्यामुळे सगळे हिशोब सुधारतात. पण वर्षानुवर्षं साठलेले व्रण इतक्यात विरघळत नाहीत. हे आकडे, त्यांच्या रेघा, सगळं व्हायरस असलेल्या लोकांवर बसवलेलं आहे, व्हायरस गेलेल्या माणसाला त्याच रेघेने मोजून सिरोसिस गेला असं म्हणता येत नाही. गोळीच्या आधी सिरोसिस होता, तर पुढे तो आहे असंच धरून चालायचं.

काय फरक पडतो? लिव्हरच्या कॅन्सरचा धोका व्हायरस गेल्यावर बराच कमी होतो पण शून्य होत नाही, सिरोसिसवाल्यांमध्ये तो वर्षानुवर्षं राहतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास सोबत एएफपी नावाची रक्त तपासणी. उपाशीपोटी जायचं, आणि पर्चीवर "सिरोसिस, कॅन्सरसाठी तपासणी" असं लिहून घ्यायचं, नुसतं "पोटाची सोनोग्राफी" लिहिलं की सोनोग्राफीवाला पित्ताशय बघून मोकळा होतो. एएफपी एकटी पुरत नाही, लहान गाठीत ती बऱ्याचदा नॉर्मलच असते.

काकूंच्या तिसऱ्या सोनोग्राफीत 8 मिलिमीटरची एक गाठ दिसली. घरात रडारड. नियम असा आहे की 1 सेंटिमीटरच्या आतली गाठ असेल तर तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी, 1 सेंटिमीटर किंवा जास्त असेल किंवा एएफपी 20 च्या वर असेल तर लगेच तीन फेजचा सीटी किंवा एमआरआय, साधा सीटी नव्हे. तीन महिन्यांनी 8 ची 8 च, त्याच्या पुढच्या वेळीही तेवढीच, मग परत सहा महिन्यांवर आलो. सिरोसिसच्या लिव्हरमध्ये अशा गाठी उगवतात, सगळ्या वाईट नसतात, पण बघितल्याशिवाय कळत नाही. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरला सापडली तर बऱ्याचदा सुईने जाळता येते, आठ सेंटिमीटरला सापडली की पर्याय फार कमी उरतात.

दुसरी गोष्ट अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा. प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि फायब्रोस्कॅन 20 च्या खाली, दोन्ही असेल तर एंडोस्कोपी टाळता येते. काकूंच्या प्लेटलेट 98 हजार होत्या म्हणून गोळ्यांच्या आधीच एंडोस्कोपी झाली होती, लहान शिरा सापडल्या, प्रोप्रानोलॉल सुरू झालं. व्हायरस गेला म्हणून हे स्वतःहून बंद करायचं नाही. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट फुगणं, डोळे पिवळे, किंवा माणूस दुपारी झोपून रात्री असंबद्ध बोलायला लागला, यातलं काहीही झालं तर ओपीडीची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी, इंदूरचं एमवाय हॉस्पिटल असो की जवळचं कुठलंही.

दारू शून्य. थोडी चालते का हे विचारणारे दर आठवड्याला येतात, उत्तर तेच. वजन आणि शुगर आवरा, कारण व्हायरस गेल्यावर लिव्हरला पुढे ढकलणाऱ्या याच दोन गोष्टी उरतात.

आणि फाईलच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, पेनने लिहून घ्या: "गोळ्यांच्या आधी सिरोसिस होता, फिब-फोर 6.8, फायब्रोस्कॅन 17, तारीख अमुक." खाली एसव्हीआरची तारीख, आणि त्याच्या खाली पुढच्या सोनोग्राफीचा महिना. काकूंच्या मुलाने त्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवलाय आणि मार्च-सप्टेंबरचे अलार्म लावलेत.